झूमवर लांबच्या माणसाशी बोलणं रेकॉर्ड करताना दोन्ही आवाज स्वच्छ हवे असतील तर हे कर

झूममध्ये प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल मिळते खरी, पण समोरच्याचा आवाज नेटवरूनच आलेला असतो, नेट अडखळलं की तोही तुटतो. म्हणून ज्याचा आवाज त्याच्याच घरी रेकॉर्ड व्हायला हवा.

मी मालवणातून देवगडच्या एका आंबा बागायतदार काकांशी तासभर बोललो तेव्हा त्यांना सांगितलं, काका, कॉल लॅपटॉपवर घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून तोंडापासून वीतभर लांब ठेवा, त्यात रेकॉर्डर चालू करा. कॉल आणि रेकॉर्डिंग एकाच फोनवर करायला गेलास तर कित्येकदा फाइल नुसती शांत निघते. इयरफोन दोघांनीही घालायचेच, नाहीतर तुझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून त्यांच्या ट्रॅकवर जातो आणि तो नंतर नीट निघत नाही. पावसात पत्र्याखाली तर बसूच नये.

आता दोघांच्या ट्रॅकची जुळवणी. टाळी वाजवून जुळवतात, पण नेटवर टाळी उशिरा पोचते, त्यामुळे झूमचं रेकॉर्डिंगही ठेव आणि दोन्ही ट्रॅक त्याच्याखाली लावून जुळव. सुरुवात जुळली तरी शेवट तपास. दोन उपकरणांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, काकांचा ट्रॅक शेवटाला 0.3 सेकंद मागे पडला होता, मी मधल्या 3 शांत जागी 0.1 सेकंद कापला.

फाइल WAV मोनो, 48 kHz, 16 बिट ठेव, तासाला साधारण 350 एमबी होते, तेव्हा ती त्यांना रात्री अपलोडला लावायला सांग आणि तुझ्याकडे पोचून ऐकून होईपर्यंत फोनमधली डिलीट करू देऊ नको.