ओढणी, गळा आणि उकाडा: मान मोकळी ठेवून ओढणी कशी घ्यावी

प्रश्न: मी कॉलेजात शिकवते. ओढणी घ्यायला आवडते, पण मानेभोवती असली की जीव गुदमरतो, घामाने चिकटते आणि फळ्यावर लिहिताना दर दोन मिनिटांनी सावरावी लागते. रोजच्या वापरात तीन प्रकारचे कुर्ते आहेत: गळ्याला भरतकाम असलेला व्ही गळा, बंद गळा (उभी कॉलर) आणि बोट नेक. प्रत्येकावर ओढणी कशी घेऊ, म्हणजे गरम होणार नाही आणि बांधल्यासारखं वाटणार नाही?

उत्तर:

मी बरीच वर्षं स्वतःचे आणि घरातल्यांचे कुर्ते शिवते, आणि ओढणीच्या बाबतीत तुमच्याइतकीच वैतागलेली होते. माझ्या अनुभवात त्रास दोन जागी असतो. एक मानेची मागची बाजू आणि दुसरा कंठ. घाम तिथे सुकायला हवा असतो, आणि आपण नेमकं तिथेच कापड ठेवतो. त्यामुळे गळा कोणताही असला तरी माझा पहिला नियम एकच: ओढणी मानेवर नाही, खांद्यावर. गळ्याच्या आकाराचा संबंध येतो तो खांद्यावर जागा किती उरते, यापुरता.

ती जागा मोजून बघा. कुर्ता पलंगावर पसरा आणि गळ्याच्या कडेपासून मुंढ्यापर्यंतची खांद्याची शिवण मोजा. खांदा १४ इंच आणि गळ्याची रुंदी ६ इंच असेल, तर दोन्ही बाजूंना ४-४ इंच उरतात. बोट नेकमध्ये गळाच ९-१० इंच रुंद असतो, म्हणून जेमतेम दोन-अडीच इंच. निऱ्यांची रुंदी या शिवणीपेक्षा कमी हवी, नाहीतर त्या एकतर मानेवर चढतात किंवा दंडावर घसरतात. सारखं सावरावं लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं आणि दोष मात्र कापडाला मिळतो.

आता व्ही गळा, कारण इथे सगळे जे सुचवतात ते मला पटत नाही. मफलरसारखी मानेवरून घेऊन दोन्ही टोकं पुढे सोडायची, म्हणजे व्हीच्या रेषा लांब दिसतात, असं सांगतात. दिसतात खऱ्या. पण हिशोब करा: ३६ इंच पन्ह्याच्या ओढणीला ३ इंची निऱ्या घातल्या की कापडाचे १२ थर होतात, आणि हे बारा थर थेट मानेवर बसतात. याहून गरम प्रकार दुसरा नसेल.

त्याच दोन रेषा मान मोकळी ठेवूनही मिळतात. ओढणी दोन्ही खांद्यांवर टाचायची आणि मधला भाग पाठीवर झोळीसारखा सोडायचा. अडीच मीटरची, म्हणजे साधारण ९८ इंचांची ओढणी धरून सांगते. लांबीत दुमडून मध्य काढा. मध्यापासून दोन्हीकडे १२-१२ इंचांवर दोऱ्याचा एकेक टाका घालून खूण करा. त्या खुणांवर चार बोटं रुंद, म्हणजे साधारण ३ इंचांच्या निऱ्या घाला आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवा. मग कुर्ता अंगात घालण्याआधीच, पलंगावर ठेवून, निऱ्या खांद्याच्या शिवणीवर मुंढ्यापासून एक बोट आत टाचा. एक बोट का, तर अगदी मुंढ्यावर टाचली की हात वर करताना ओढणी गोळा होते आणि दंड अडकल्यासारखा वाटतो.

दोन पिनांमध्ये २४ इंच कापड आहे आणि खांद्यांमधलं अंतर त्याहून बरंच कमी, म्हणून मधला भाग मानेखाली साधारण वीतभर लोंबतो. मान पूर्ण उघडी राहते, पुढचं भरतकाम झाकलं जात नाही, आणि पुढे दोन्हीकडे ३७-३७ इंच उरतात, म्हणजे साधारण गुडघ्यापर्यंत. ओढणी सव्वादोन मीटरची असेल तर मधलं अंतर २० इंच ठेवा. त्याहून कमी करू नका, कारण झोळी आखडत गेली की ती परत वर मानेकडे येते.

या पद्धतीची खोड एकच, ती म्हणजे पाठ असलेली खुर्ची. टेकून बसलात की झोळी दाबली जाते आणि उठताना दोन्ही खांदे मागे ओढले जातात. बसताना ती खुर्चीच्या पाठीवरून मागे टाका. दिवसभर बसून काम असेल तर मी ही पद्धत सुचवणारच नाही. तुमचं काम उभं राहून आहे, म्हणून सुचवते.

पिन कशी लावायची यावर थोडं थांबते, कारण मी एक चांगली जॉर्जेटची ओढणी यातच घालवली आहे. बाराच्या बारा थरांतून पिन घातली, ती वाकली, आणि संध्याकाळपर्यंत कापडाला बोट जाईल एवढी भोकं पडली होती. पिन कुर्त्याच्या आतून घ्यायची आणि निऱ्यांचे फक्त खालचे दोन-तीन थर पकडायचे. वरचे थर आपोआप बसून राहतात आणि पिन दिसत नाही. दिशाही महत्त्वाची. ओढणीचा ताण पुढे-मागे असतो, म्हणून पिन शिवणीला समांतर, मानेकडून मुंढ्याकडे आडवी लावा. मग ताण पिनेच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो. पुढे-मागे लावली तर सगळा भार एकाच भोकावर येतो. पिनेच्या गोल वेटोळ्यात कापड अडकू नये म्हणून आधी तिच्यात एक छोटा मणी ओवून वेटोळ्यापर्यंत सरकवा.

बंद गळ्याबद्दल माझं प्रामाणिक मत असं की कॉलर असलेल्या कुर्त्याला ओढणी लागतच नाही. कंठ आधीच झाकलेला असतो, त्यावर आणखी कापड कशाला? तरी घ्यायचीच असेल तर एका खांद्यावर, तीही डाव्या, म्हणजे फळ्यावर लिहिणारा उजवा हात मोकळा राहील. (डावखुऱ्या असाल तर उलट.) कॉलर आणि निऱ्या यांच्यात बोटभर फट दिसायला हवी, ती बुजली की मान आखूड दिसते.

एका खांद्यावर घेताना लांबीचा घोळ होतो. अडीच मीटरची ओढणी मधोमध टाचली की पुढे-मागे ४९-४९ इंच येतात. सव्वापाच फुटांच्या आत उंची असेल तर खांदा जमिनीपासून साधारण ५० इंचांवर असतो. म्हणजे टोकं पायात. मग आपण मागची बाजू आखूड करतो, पुढची लांब होते, आणि जड बाजू पिनेला खाली ओढत राहते. सतत ओढल्यासारखं वाटतं ते यामुळे. दोन्हीकडचं वजन सारखं असेल तर पिनेवर जवळजवळ ताणच येत नाही.

मी यासाठी रोजच्या वापराच्या ओढण्या दोन मीटरच्या करून टाकल्या. टोकाला कापलं तर काठ आणि गोंडे जातात, म्हणून मधून अर्धा मीटर काढायचा आणि दोन्ही तुकडे फ्रेंच शिवणीने जोडायचे. जोड बरोबर खांद्यावर, निऱ्यांच्या आत लपतो. दोन्हीकडे ३९ इंच उरतात, साधारण कुर्त्याच्या घेराच्या जरा वर. पण ही ओढणी पुढे कधी डोक्यावरून किंवा छातीवर पसरून घेतली तर जोड दिसणार, त्यामुळे ठेवणीतल्या ओढणीवर कात्री चालवू नका.

बोट नेक सगळ्यात त्रासदायक. शिवण दोन-अडीच इंच, त्यात तीन इंची निऱ्या मावत नाहीत, आणि पिन लावली तर ओढणीचं वजन अख्खा गळाच खाली ओढतं. ओळखायची खूण सोपी आहे: आरशात बघा, पिन नसलेल्या बाजूची गळ्याची कड मानेकडे चढलेली असते आणि पिन असलेल्या बाजूला ब्राची पट्टी डोकावते. अशा वेळी पिन घट्ट करून उपयोग नाही, वजन दुसरीकडे न्यावं लागतं. कुर्त्याच्या आतून खांद्याच्या शिवणीला दीड-दोन इंचांची कापडी पट्टी शिवा. तिचं एक टोक शिवणीला पक्कं, दुसऱ्याला टिचबटण. ब्राची पट्टी तिच्यात अडकवायची आणि ओढणीची पिन कुर्ता आणि ही पट्टी, दोन्हींमधून घ्यायची. भार ब्राच्या पट्टीवर जातो, गळा जागेवर राहतो. निऱ्या दोन इंचांच्या घाला. थर वाढतात, पण ते खांद्यावर आहेत, मानेवर नाहीत.

बोट नेकवर छाती झाकलेली हवी असेल तर निऱ्या डाव्या खांद्यावरच टाचा, पुढचा भाग उलगडून तिरका उजव्या कमरेकडे न्या आणि बाजूच्या शिवणीला, कटाच्या जरा वर टाचा. पुढे एकच थर राहतो आणि वाकलं तरी तो पुढे पडत नाही. तिथे नेताना कापड ताणू नका, आत मूठ जाईल इतकी ढील ठेवा, नाहीतर हात वर केला की कुर्ताही वर येईल.

कापडाबद्दल फार लिहीत नाही. बाजारातलं जॉर्जेट आणि शिफॉन बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, ते घाम शोषत नाही आणि ओलं झालं की अंगाला चिकटतं. मलमल किंवा कोटा घ्या. मलमल सुळसुळीत नसल्याने पिनेवरही कमी भार येतो. घेताना कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे तळहाताला हवा लागली पाहिजे. मलमलीला अगदी पातळ खळ दिली तर ती अंगापासून जरा सुटी राहते. जास्त दिली तर मात्र निऱ्या पुठ्ठ्यासारख्या उभ्या राहतात.

निघण्याआधी आरशासमोर तीन गोष्टी करून बघा: दोन्ही हात फळ्यावर लिहिल्यासारखे वर, खाली पडलेली वस्तू उचलल्यासारखं वाकणं, आणि खुर्चीत बसून उठणं. यांपैकी कशातही हात आपोआप ओढणीकडे गेला, तर पिन बोटभर सरकवा आणि पुन्हा करा.

आणि दुचाकीने जात असाल तर यातली कोणतीही पद्धत गाडीवर वापरू नका. सुटी टोकं चाकात किंवा साखळीत जातात आणि पिनेने घट्ट टाचलेली ओढणी तेव्हा चटकन सुटत नाही. कुर्त्याला आधीच टाचून ठेवायची सवय लागली तरी त्या दिवशी ओढणी पिशवीत न्या आणि पोहोचल्यावर टाचा. निऱ्यांना चिमटे लावूनच घडी घातली असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.