स्वतः लिहिलेलं पत्र ‘एआय’ ठरतं तेव्हा

प्रश्न: जर्मनीत पीएचडीच्या जागेसाठी मोटिव्हेशन लेटर मी स्वतः लिहून पाठवलं. ‘मजकूर ८७ टक्के एआय-निर्मित’ असं कारण देऊन अर्ज बाद केला. हे योग्य आहे का? आता काही करता येईल का?

योग्य नाही, आणि करता येण्यासारखं आहे.

मी पुण्यात भरतीचं काम करते, अर्जासोबतची पत्रं वाचणं हे रोजचंच. मजकूर एआयचा की माणसाचा हे ओळखणारं टूल, म्हणजे डिटेक्टर, आमच्याकडे घ्यायचं ठरत होतं तेव्हा मी २०१९ सालची जुनी पत्रं, नावं काढून, त्यात घालून पाहिली. चॅटजीपीटी आलं २०२२च्या नोव्हेंबरात, म्हणजे ती पत्रं माणसांनीच लिहिलेली असणार. तरी त्यातली काही ‘एआय’ निघाली. ती उघडून पाहिली तर सगळी एकाच वळणाची: ‘आय ॲम रायटिंग टू अप्लाय फॉर द पोझिशन ऑफ’ अशी सुरुवात, मग शिक्षण, मग ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेयर’, शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड’. आपल्याला शाळा-कॉलेजात अर्ज असाच लिहायला शिकवलेला असतो.

डिटेक्टर नेमका इथेच फसतो. पत्र कुणी लिहिलं हे त्याला कळायला काही मार्ग नसतो, समोर असतो तो फक्त मजकूर. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज किती सहज बांधता येतो, हे अशी बरीच टूल्स मोजतात. अंदाज सारखे बरोबर येत गेले की मजकूर यंत्राचा धरायचा. ज्याचं इंग्रजी पुस्तकातून आलंय, तो ओळखीचे शब्द आणि सुरक्षित वाक्यरचना वापरतो, म्हणून त्याचं लेखन जास्त ‘अपेक्षित’ ठरतं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे तपासलं. परदेशी विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध त्यांनी ७ डिटेक्टरना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध ‘एआय’ ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. पुढचा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून शब्दसंपत्ती सुधारून घेऊन पुन्हा दिले, तर ‘एआय’ ठरण्याचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे ज्याने स्वतः लिहिलं तो अडकला आणि यंत्राकडून घासूनपुसून घेतलेला मजकूर निसटला.

भरती करणाऱ्यांचं यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘चूक झाली तरी थोड्यांचीच होईल.’ त्यासाठी एक हिशोब करून बघा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला तेव्हा सांगितलं होतं, की एआयचे २६ टक्के मजकूर तो पकडतो आणि माणसांचे ९ टक्के चुकून एआय ठरवतो. समजा १,००० अर्ज आले, त्यातले ३०० एआयने लिहिलेले. पकडले जातील ७८. उरलेल्या ७०० प्रामाणिक अर्जांतले ६३ विनाकारण अडकतील. एकूण १४१ बाद, आणि त्यात जवळजवळ निम्मे निर्दोष. अचूकता कमी म्हणून कंपनीने ते टूल त्याच वर्षी जुलैत बंद केलं. आजची टूल्स यापेक्षा चांगली असतील, पण तुमच्यासारख्यांच्या इंग्रजीवर त्यांचा चुकीचा दर किती, हे विकत घेणाऱ्यांपैकी फार थोडे विचारतात. कॉलेजात निदान शिक्षक विद्यार्थ्याला बोलावून विचारतो. भरतीत बहुतेकांना कारणसुद्धा कळत नाही, तुम्हाला कळलंय हे त्यातल्या त्यात बरं.

आता तुमचं. युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात कलम २२ आहे: माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेतलेला नसावा. अपवाद आहेत, पण करारासाठी किंवा संमतीने असा निर्णय घेतला असेल तरी माणसाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क राहतो. ‘आम्ही फक्त स्कोअर बघितला, निर्णय आमचाच’ असं विद्यापीठ म्हणू शकतं. पण डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने कर्जदारांच्या स्कोअरबाबतच्या खटल्यात म्हटलंय, की निर्णय मुख्यतः स्कोअरवरच टेकलेला असेल तर स्कोअर काढणं हाच निर्णय धरला जाईल. भरतीबद्दलचा तो निकाल नव्हता, तरी मुद्दा मांडायला उपयोगी आहे.

विद्यापीठाच्या डेटा प्रोटेक्शन ऑफिसरचा ईमेल त्यांच्या वेबसाइटवरच्या प्रायव्हसी पानावर मिळेल. त्यांना आणि प्राध्यापकांना एकाच ईमेलमध्ये तीन गोष्टी विचारा: कोणतं टूल वापरलं, निर्णय कुणी घेतला, आणि माणसाकडून पत्र पुन्हा वाचून घेता येईल का. पत्र गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर ‘व्हर्जन हिस्ट्री’चे स्क्रीनशॉट जोडा, खाडाखोड, मध्येच बदललेले परिच्छेद, सगळं त्यात दिसतं. पत्रातल्या कोणत्याही वाक्यावर व्हिडिओ कॉलवर बोलायची तयारी आहे, हेही लिहा. रागाचा सूर नको आणि माफीचाही नको. मजकूर ‘ह्युमनाइज’ करून देणाऱ्या वेबसाइटकडे मात्र जाऊ नका. आज तुमचं पत्र खरोखर तुमचं आहे, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे आणि तिथे गेलात तर तीच हातची जाईल.