वकिलाला पाठवायच्या निरोपाची पहिली ओळ

सोलापूर, १२ जुलै

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री अकराच्या सुमारास तू वकीलसाहेबांना पाठवलेला निरोप आणि त्यासोबतची चौदा छायाचित्रे आज सकाळी मी दोनदा नीट पाहिली. ‘काका, काम तातडीचे आहे असे लिहूनही त्यांनी १७ तारखेची वेळ दिली, त्यांना आमच्या पैशाची किंमतच नाही,’ असे तू फोनवर म्हणालास, तेव्हा तुझ्या आवाजात रागापेक्षा गोंधळ जास्त होता, आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो आहे. दोष त्यांचा नाही. तुझ्या निरोपात ‘अर्जंट’ हा शब्द पाच वेळा आला आहे. पण काम तातडीचे का आहे, हे त्यात एकदाही आलेले नाही. ते सांगणारी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे तारीख.

हैदराबादच्या व्यापाऱ्याने टेरी टॉवेलचा माल कसा उचलला, तुझ्या वडिलांना घरच्यासारखे कसे वागवले, पुढे फोन उचलणे कसे बंद केले, हे सारे तू मनापासून लिहिले आहेस. ते खोटे नाही आणि अनावश्यकही नाही. समोर बसल्यावर वकील ते ऐकतीलच. पण दिवसभर कोर्टात उभे राहून आलेला माणूस रात्री फोनवर पंचवीस निरोप पाहतो, तेव्हा त्याला एवढेच ठरवायचे असते की यांतले कोणते काम उद्या सकाळपर्यंत थांबू शकत नाही. तुझ्या निरोपाच्या पहिल्या दहा ओळींत त्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

आता तारखा पाहू. त्या मला तुझ्या मजकुरात मिळाल्या नाहीत, छायाचित्रांतून शोधाव्या लागल्या. चेक १० एप्रिलचा, रक्कम ३,४०,००० रुपये. तो तुम्ही आपल्या सोलापूरच्या शाखेत १३ जूनला भरलात. अकराव्या छायाचित्रात बँकेचा एसएमएस आहे : १४ जून, सायंकाळ, चेक परत. बाराव्यात परतीचा मेमो आहे, त्यावर ‘फंड्स इन्सफिशियंट’ हे कारण आहे, आणि तो तू १६ जूनला शाखेत जाऊन आणलास असे फोनवर सांगितलेस. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली, चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते. माहिती मिळाली तो दिवस सोडून मोजायचे. मेमोपासून मोजलेस तर शेवटचा दिवस १६ जुलै येतो. पण कायद्यात शब्द ‘माहिती’ असा आहे, मेमो असा नाही, आणि समोरचा वकील तुझा तो एसएमएस दाखवून मुदत १४ जुलैलाच संपली असे म्हणणारच. त्याला ती संधी द्यायची नाही. आपण १४ जुलै धरायचा, म्हणजे आजपासून दोन दिवस. आणि तुला भेटीची वेळ मिळाली आहे १७ जुलैची.

म्हणून पुन्हा सांगतो, तारीख पहिल्या ओळीत लिही.

पुढचा एक महत्त्वाचा भाग तुझ्या निरोपात नवव्या परिच्छेदात दडला आहे. ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा, नक्की पास होईल,’ असे व्यापारी म्हणतो आणि तुझे वडील त्यावर विसंबून आहेत. चेक मुदतीत असेल तर तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर त्या दुसऱ्या परतीवरून नव्याने नोटीस देता येते, हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते स्पष्ट केले आहे. परंतु त्याच वर्षापासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली. तुमच्या १० एप्रिलच्या चेकचे तीन महिने भरले आहेत. ती वाट बंद झाली आहे, आणि तुमच्या हाती उरली आहे ती फक्त १४ जूनच्या परतीवरची नोटीस. तिचे ३० दिवस हुकले तर उशीर माफ करण्याची तरतूद नाही. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर फिर्याद दाखल करायला तुम्हाला एक महिना मिळतो. त्या महिन्यातला उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकते, नोटिशीतला नाही. मुदत हुकली म्हणून पैसे बुडतात असे नव्हे, दिवाणी दावा करता येतोच. पण आरोपी म्हणून कोर्टात उभे राहावे लागेल ही जी भीती त्या माणसाला वाटायला हवी, ती कायमची निघून जाते.

हे मी इतक्या हट्टाने का सांगतो, त्याला कारण आहे. हे कलम १९८९ मध्ये लागू झाले तेव्हा नोटिशीला ३० नव्हे, १५ दिवसच मिळत. ते ३० झाले २००३ पासून. मधल्या काळात, माझी वकिली भरात असताना, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकणाऱ्या एका बाईने मला रेघांच्या कागदावर तीन पाने लिहून पाठवली होती. एका दुकानदाराने दिलेला १८,००० रुपयांचा चेक परत आला होता. मी पहिले अर्धे पान वाचले. त्यात दुकानदाराचे आणि तिच्या दिरांचे नाते होते, दिवाळीची ऑर्डर होती. ‘सवडीने वाचू’ म्हणून मी ती पाने फायलीत ठेवली. चौथ्या दिवशी ती उघडली तेव्हा तिसऱ्या पानाला टाचणीने लावलेला मेमो दिसला. पंधरा दिवस होऊन दोन दिवस उलटले होते, आणि चेक सहा महिन्यांचा होऊन गेला असल्याने पुन्हा भरणेही शक्य नव्हते. तिने तारीख वर लिहिली असती तर मी त्याच संध्याकाळी नोटीस काढली असती, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरेही आहे. पण तीन पाने उलटायला मला दोन मिनिटे लागली असती, हेही तितकेच खरे आहे. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी बसण्याआधी ‘कागद हातात कधी पडला?’ हेच विचारले. लोक मला तुसडा म्हणाले. म्हणू देत, मी विचारणे सोडले नाही आणि आजही त्यात मला काही चूक दिसत नाही.

आता तुझ्या निरोपातल्या आणखी दोन गोष्टी, ज्या मला खटकल्या. तू रक्कम ‘साधारण पाच-सव्वापाच लाख’ अशी लिहिली आहेस. ती एकूण थकबाकी आहे, चेकची रक्कम नाही. नोटिशीत मागणी चेकच्या रकमेची, अचूक आकड्यात करावी लागते. घाईत भलताच आकडा गेला तर त्या एका चुकीवर पुढची फिर्याद कोसळते. म्हणून चेकची रक्कम वेगळी लिही आणि बाकीची उधारी वेगळी. तसेच व्यापाऱ्याला तू सगळीकडे ‘तो शेठ’ म्हटले आहेस. चेकवर छापलेले फर्मचे नाव आणि सही करणाऱ्याचे नाव जसेच्या तसे हवे, कारण नोटीस त्याच नावाने जाते, आणि दुसरे म्हणजे, हा माणूस आधीच त्यांचा पक्षकार असेल तर वकिलाला तुमचे काम घेताच येणार नाही. ते त्यांना भेटीआधी कळले पाहिजे, भेटीत नव्हे.

आणि वेळ. ‘कधीही चालेल’ असे तू लिहिलेस. ऐकायला ते नम्र वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की वेळ शोधण्याचे कामही त्यांनीच करावे. कोर्टाच्या वेळेत ते तुला भेटणार नाहीत, तेव्हा सकाळची आणि संध्याकाळची नेमकी वेळ दे. चेक तुझ्या नावावर नाही, वडिलांच्या फर्मच्या नावावर आहे. नोटीस त्यांच्या वतीने जाणार, म्हणून भेटीला ते हवेत आणि वेळाही त्यांच्या हव्यात. कारखान्यावर पाळी बदलताना ते निघू शकत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्यांना आधी विचार, मग लिही.

मी असे लिहिले असते :

‘नमस्कार साहेब. चेक परतीची नोटीस १४ जुलैपर्यंत जाणे आवश्यक आहे. त्यासाठी आज किंवा उद्या भेट हवी आहे. वडिलांच्या फर्मला मिळालेला १० एप्रिलचा ३,४०,००० रुपयांचा चेक आम्ही १३ जूनला सोलापूरच्या शाखेत भरला. तो अपुऱ्या शिलकीमुळे परत आला. एसएमएस १४ जूनला आणि मेमो १६ जूनला मिळाला. अद्याप नोटीस दिलेली नाही. चेक देणारी फर्म व सही करणाऱ्याचे नाव चेकच्या छायाचित्रात आहे. वडील व मी आज सायंकाळी ७ ते ९, उद्या सकाळी ८ ते ९.३० किंवा उद्या सायंकाळी ६.३० नंतर येऊ शकतो. मूळ चेक, मेमो, बिले आणि माल पोचल्याच्या पावत्या सोबत आणतो. आपल्याला शक्य नसेल तर कृपया आजच कळवावे, म्हणजे दुसरीकडे जाता येईल.’

यासोबत छायाचित्रे चारच पाठव : चेकची पुढची बाजू, मागची बाजू, मेमो आणि तो एसएमएस. शेवटचे वाक्य उद्धट वाटेल म्हणून तू ते गाळशील, हे मला माहीत आहे. गाळू नकोस. वकिलाचा स्पष्ट नकार आज मिळाला तर तुझ्याकडे दोन दिवस राहतात; त्यांचे मौन १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत टिकले तर काहीच राहत नाही. आणि खटल्यासाठी हैदराबादला खेटे घालावे लागतील का, हा जो प्रश्न तू सर्वांत वर लिहिला होतास, तो आता सोडून दे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक खात्यात भरलेला असेल तर ज्या शाखेत तुमचे खाते आहे तिथल्या न्यायालयात फिर्याद चालते, म्हणजे इथे सोलापुरातच.

हे पत्र वाचून झाल्यावर आधी वडिलांना फोन कर, त्यांच्या वेळा घे आणि निरोप दुपारच्या सुट्टीआधी पाठव, म्हणजे जेवताना साहेब फोन पाहतील तेव्हा तो वर असेल. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर आले नाही तर एकदा फोन कर. त्यांनी उचलला नाही तर मूळ चेक आणि मेमो घेऊन वडिलांसह सरळ माझ्याकडे या. वकिली सोडली असली तरी आज रात्री नोटीस लिहून देईल असा वकील मी शोधून देईन, आणि उद्या पोस्ट उघडताच ती स्पीड पोस्टाने गेली पाहिजे. पावती जपून ठेव, तिच्यावरही तारीख असते.

तुझा,
काका

ता. क. मेमोच्या मागे तू पेनाने सुताचा हिशेब लिहिला आहेस. मूळ मेमोवर यापुढे एक अक्षरही लिहू नकोस.