फाइल सिंकमध्ये तुकडे कसे पाडावेत आणि दोघांचे बदल कसे सांभाळावेत?

प्रश्न: रत्नागिरी आणि देवगडच्या ऑफिसांसाठी सिंक सेवा बनवतोय. ४ एमबीचे तुकडे पाडूनही फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घातली की सगळी फाइल पुन्हा अपलोड होते. पावसात नेट गेलं की एकाचं काम दुसऱ्याच्या कामाखाली पुसलं जातं. काय करू?

उत्तर: ठरावीक मापाने कापलं, की एक ओळ घातल्यावर पुढची प्रत्येक सीमा सरकते आणि सगळे हॅश बदलतात. म्हणून मजकुराला कुठे कापायचं ते ठरवू द्या. फाइलवरून रोलिंग हॅश, म्हणजे सरकत्या छोट्या खिडकीतल्या बाइट्सचा हॅश, फिरवा आणि त्याचे शेवटचे २० बिट शून्य आले की कापा. तुकडे सरासरी साधारण १ एमबीचे पडतील. किमान आणि कमाल मर्यादा मात्र घाला. आता ती ओळ बहुधा एक-दोनच तुकडे बदलेल. आधी तुकड्यांच्या SHA-256 ची यादी पाठवा, सर्व्हरकडे नसलेलेच चढवा. xlsx मुळातच झिप असते, तिथे हा फायदा फारसा मिळत नाही.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे, कारण तिथे माणसाचं काम जातं. कोणता बदल नंतरचा हे ठरवायला घड्याळावर विसंबू नका. प्रत्येक बदलासोबत तो कोणत्या आवृत्तीवर केला ते पाठवा. समजा देवगडने नेट नसताना ‘दर.xlsx’ च्या आवृत्ती ७ वर काम केलं आणि तेवढ्यात रत्नागिरीने ८ नोंदवली. नेट आल्यावर देवगड ‘७ वरून’ म्हणेल, तेव्हा सर्व्हरने नकार द्यावा आणि देवगडची फाइल ‘दर (देवगडची प्रत).xlsx’ अशी शेजारी ठेवावी. ही तपासणी आणि नवी नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा. नोंद सगळे तुकडे पोचल्यावरच करा, नाहीतर अर्धवट फाइल दुसऱ्या ऑफिसात उतरेल.