कोणती टेस्ट लावू? आधी आकडे कुठून आले ते बघा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: प्रत्येक प्राण्याकडून तुम्ही नक्की काय नोंदवलं आणि तुलना कोणाची कोणाशी आहे.

हॉट प्लेटवर त्याच सहा उंदरांचा प्रतिसादाचा वेळ औषधाआधी आणि नंतर मोजला असेल, तर पेअर्ड टी टेस्ट. कंट्रोलचे सहा आणि औषधाचे सहा उंदीर वेगळे असतील, तर पेअर्ड लावू नका. दोन्हीकडे सहाच आकडे असले म्हणून जोड्या होत नाहीत. नवीन मुलं इथेच सर्वांत जास्त चुकतात.

कंट्रोल, स्टँडर्ड आणि औषधाचे दोन डोस असे चार गट असतील, तर दोन-दोन गट घेऊन सहा टी टेस्ट करू नका. औषधाचा काहीच परिणाम नसला तरी कुठेतरी खोटा फरक दिसण्याची शक्यता 5% वरून सुमारे 20% वर जाते. आधी अनोव्हा, मग प्रत्येक गटाची कंट्रोलशी तुलना करायला डनेट.

झटका आला की नाही, एवढंच नोंदवलं असेल तर ती मोजदाद झाली, तिथे काय-स्क्वेअर. पण लहान गटांत ती फसवते. समजा, कंट्रोलमध्ये सहापैकी एक उंदीर झटक्यापासून वाचला, औषधाच्या गटात सहापैकी पाच. काय-स्क्वेअर p = 0.02 देते, फिशरची एक्झॅक्ट टेस्ट 0.08! अपेक्षित संख्या प्रत्येक चौकटीत फक्त 3 आहे. ती 5 पेक्षा कमी असली की फिशरच वापरा.

नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट सध्या बाजूला ठेवा.