आजीचा वेगळा तवा आणि दहा मिनिटांचा टॉक

प्रश्न: "एमए समाजशास्त्र, साताऱ्यात आहे. कॉन्फरन्ससाठी 'धार्मिक अन्ननिर्बंध आणि सामाजिक सीमा' यावर २५० शब्दांचा ॲबस्ट्रॅक्ट द्यायचाय आणि निवड झाली तर दहा मिनिटं बोलायचंय. सुरुवात कुठून करू? उपास, सोवळं, श्रावण, मांसाहार सगळंच घ्यावंसं वाटतंय."

सगळं घेऊ नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. चौदा स्लाइड, त्यात उपास पण, सोवळं पण, गटारी पण, आणि आठव्या मिनिटाला अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली तेव्हा मी अजून मेरी डग्लस आणि ड्युमाँ काय म्हणतात तेच सांगत होते. माझं स्वतःचं फील्डवर्क शेवटच्या पाच स्लाइडमध्ये होतं, ते कुणी बघितलंच नाही.

एकच जेवण पकडा. म्हणजे एका गावातलं, एका दिवसाचं जेवण, आणि त्यात कोण कुणाच्या हातचं खातं ते. मी दुसऱ्या वेळी तासगाव तालुक्यातल्या एका गावची जत्रा घेतली, तीच सांगते, कारण तुमच्याकडंही हीच पद्धत असणार. पहिल्या दिवशी गोडा निवद, पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा निवद, म्हणजे बकरं. मी ज्या घरी होते तिथली आजी माळकरी. खाऱ्याच्या दिवशी मटणाचं पातेलं घरात येत नाही, परड्यात तीन दगडांच्या चुलीवर शिजतं. आजीचा तवा, परात, तांब्या वेगळा, आणि सून पहाटे आंघोळ करून आधी आजीच्या भाकरी थापून ठेवते, मग मटणाला हात लावते. इथपर्यंत कुणीही लिहील की 'माळेमुळं घरातच सीमा तयार होते.' खरं आहे, पण याच्यावर पेपर उभा राहत नाही.

पुढं काय झालं ते बघा. दुपारी पाव्हण्यांची पंगत बसली, वासानं आजीला नको झालं, आणि ती उठून पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका माळकरी बाईकडं जेवायला गेली. ती बाई वेगळ्या जातीची. एरवी आजी तिच्याकडं चहाच्या पुढं जात नाही, हे सुनेनंच मला हसत हसत सांगितलं. म्हणजे माळेनं घर तोडलं आणि एका दिवसापुरती जात ओलांडली. पण गावात तिसरी माळकरी बाई पण होती, खालच्या वस्तीतली, आजीबरोबर वारीला गेलेली. आजी तिच्याकडं गेली नाही. ती बाई सकाळी आली, नारळ आणि केळी दिली, अंगणात टेकली, गेली. कच्चं चाललं, शिजवलेलं नाही. माळ तिघींच्या गळ्यात सारखीच. इरावती कर्वेंनी वारीवरच्या लेखात हेच टिपलंय, एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसायचे, आणि कर्वेंना ते लागलं होतं.

माझा पेपर या एका फरकावर उभा राहिला. माळ कुठली रेष ओलांडते आणि कुठल्या रेषेपाशी थांबते, बास.

हे हाती लागायला प्रश्न कसा विचारता ते महत्त्वाचं आहे. "तुमच्याकडं पाळतात का?" विचारलं की सगळीकडं एकच उत्तर, "आता कुठं काय राहिलंय ओ, सगळे एकत्रच जेवतात." त्याऐवजी "काल दुपारी कुणाकडं जेवला? भाकरी कुणी केली? तवा कुठला? डबा कुणाकडं पाठवला, आणि त्यांच्याकडनं काय आलं?" असं विचारा. मग वहीत उभे-आडवे रकाने करून कुणी कुणाला काय दिलं ते भरा, शिजवलेलं वेगळं आणि शिधा वेगळा. मॅकिम मॅरियटनं उत्तर प्रदेशातल्या एका गावात असाच तक्ता मांडला होता, १९६८ च्या लेखात आहे. त्याचा मुद्दा साधा आहे, माणूस वर का खाली हे तो काय खातो यापेक्षा कुणाकडनं घेतो आणि कुणाला देतो यावरनं कळतं. फक्त त्याचं कच्चा-पक्का जसंच्या तसं उचलू नका. तिकडं तुपातलं पक्कं आणि पाण्यात शिजवलेलं कच्चं. मला आपल्याकडं जास्त चालताना दिसली ती गोडं-खारं आणि शिधा-शिजवलेलं ही विभागणी. लोक जो शब्द वापरतात तोच ॲबस्ट्रॅक्टमध्ये ठेवा.

ॲबस्ट्रॅक्ट मी साधारण असा लिहिला होता, थोडा छोटा करून देते:

"जत्रेच्या खाऱ्या निवदाच्या दिवशी माळकरी व्यक्ती कुठं आणि कुणाच्या हातचं जेवते? अन्ननिर्बंध जातींमधल्या सीमा टिकवतात, असं सहसा मांडलं जातं. तासगाव तालुक्यातल्या एका गावात दोन जत्रांच्या काळात नऊ घरांमधली अन्नाची देवघेव नोंदवली. माळेचा निर्बंध घरातल्या घरात स्वयंपाक विभागतो आणि काही जातींमध्ये त्या दिवसापुरती सहभोजनाची वाट उघडतो, पण दलित माळकऱ्यांशी देवघेव शिध्यापुरतीच राहते. म्हणजे ऐच्छिक व्रत जातीची सीमा पुसत नाही, ती कुठं सैल आणि कुठं घट्ट आहे ते दाखवतं. नोंदी एकाच गावच्या आणि मुख्यतः बायकांच्या सांगण्यावर आधारलेल्या आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका, मर्यादा आपणच सांगितली की परीक्षक तिथं अडत नाही. आणि एक करून बघा, ॲबस्ट्रॅक्टमधनं गावाचं नाव, माळ आणि निवद हे शब्द झाका. उरलेलं कुठल्याही धर्माला, कुठल्याही देशाला लागू पडत असेल तर तुम्ही अजून काही सांगितलेलंच नाही. 'अन्न हे ओळखीचं माध्यम आहे' छाप वाक्यं याच्यात लगेच सापडतात.

टॉकचं गणित सांगते. मी मराठीत न घाई करता मिनिटाला एकशे दहा-पंधरा शब्द बोलते, तुमचं तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करून मोजा. म्हणजे दहा मिनिटांना हजार शब्दांच्या वर लिहायचंच नाही, कारण माईक, पेनड्राइव्ह आणि 'ऐकू येतंय का' यात एक मिनिट जातंच. पहिलं वाक्य तव्याचं. सगळ्या विद्वानांना मिळून दीड मिनिट, त्यात दोनच नावं. मधली पाच मिनिटं त्या तीन बायकांची, क्रमानं, आधी घरातला तवा, मग पलीकडची गल्ली, मग अंगणातला नारळ. तिसरी बाई आठव्या मिनिटाच्या आत आलीच पाहिजे, कारण तुमचा मुद्दा तिच्यात आहे. वेळ कमी पडायला लागला तर डग्लस सोडा, तिला सोडू नका.

स्लाइड पाच पुरे. आजीचा फोटो नको, तव्याचा टाका. गावाचं नाव पण नको, 'तासगाव तालुका' एवढं बास, नाहीतर कोण कुणाकडं जेवत नाही हे उद्या गावात पोचतं आणि पुढच्या जत्रेला तुम्हाला कुणी घरात घेत नाही.

एक प्रश्न हमखास येणार, "मग त्या तिसऱ्या बाईला काय वाटतं, तिला विचारलं का?" मी विचारलं नव्हतं, आणि तिथं गप्प बसावं लागलं. तुमची जत्रा अजून व्हायची असेल तर तिच्या घरी आधी जा, आणि ती देईल ते खा.