मोठ्या उत्तरांना बारापर्यंतचा वेळ

प्री-बोर्डात तुझं तिसरं मोठं उत्तर अर्धवट राहिलं म्हणतेस. इंदूरला माझ्याकडे येणाऱ्या बारावीच्या मुलांचं दरवर्षी हेच होतं, आणि वेळ जातो तो तीन गुणांच्या प्रश्नांत. साठ-ऐंशी शब्द पुरतात तिथे मुलं पान भरून लिहितात.

सीबीएसईचा इतिहासाचा पेपर 80 गुणांचा. त्यात 8 गुणांचे तीनच प्रश्न, पण गुण 24. म्हणून वेळ घड्याळावरच ठरव. साडेदहाला लिहायला सुरुवात, 10:52 पर्यंत एकवीस बहुपर्यायी संपव. अडलेल्यावर खूण करून पुढे जा. मग क्रम मोडून थेट मोठे प्रश्न घे, प्रत्येकी बावीस मिनिटं, म्हणजे बारापर्यंत तिन्ही होतात. उत्तरांवर प्रश्नक्रमांक मात्र नीट घाल.

त्या बावीसमधली पहिली तीन मिनिटं मुद्द्यांची. समजा, असहकार चळवळ जनआंदोलन कशी झाली असं विचारलंय. शेवटच्या पानावर लिही: रौलट, जालियनवाला, खिलाफत, विद्यार्थी-वकील, शेतकरी, चौरीचौरा 1922. एकेका मुद्द्याला तीन-चार वाक्यं, की साडेतीनशे शब्द होतात. अठराव्या मिनिटाला तू अजून जालियनवालावरच असशील, तर पार्श्वभूमी लांबली असं समज आणि लगेच शेतकऱ्यांवर ये.

बारानंतर सहा लघुप्रश्न, प्रत्येकी सात मिनिटं. तीन उताऱ्यांना अर्धा तास. नकाशा 1:20 ला हातावेगळा झाला, की उरलेल्या दहा मिनिटांत खुणा केलेले बहुपर्यायी बघ.

वाचनाची पंधरा मिनिटं विकल्प निवडण्यात घाल, बेटा. लिहिता लिहिता प्रश्न बदलला की वेळापत्रक कोसळतं.